पुढून रेघ, मागून नागमोडी: पट्ट्याच्या सॅडल स्टिचची भोकं का हलतात?

हाताने शिवलेला कमरपट्टा किंवा बॅगेचा खांदपट्टा करणाऱ्यांची एक तक्रार फिरून फिरून येते. पुढची शिलाई अगदी पट्टी लावून आखल्यासारखी. पट्टा उलटा केला की मात्र टाके कुठे कडेकडे गेलेले, कुठे आतल्या अंगाला घुसलेले, मधेच एखादा लांबडा आणि त्याच्या शेजारचा आखूड. कुणी याचा दोष दोऱ्याला देतो, कुणी सुया ओढण्याला. मग दोरा बदलला जातो, ताण बदलला जातो, आणि पुढच्या पट्ट्यात परत तेच होतं.

सॅडल स्टिचमध्ये एकाच दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुया असतात आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून जातात. म्हणून मागची ओळ पुढच्या ओळीइतकीच उघडी पडते, लपवायला जागा नसते. भोक जिथे बाहेर पडलं तिथेच टाका बसणार. ताण कितीही सारखा ठेवा, तो भोकाला जागेवरून हलवत नाही. तेव्हा तपासणी शिवल्यावर नको, शिवायच्या आधी करा. भोकं पाडून झाली की पट्टा उलटा करा आणि नुसती भोकं बघा. ती वाकडी असतील तर दोरा आणि सुया विसरा. ती सरळ असूनही टाके वेडेवाकडे दिसत असतील तर गोष्ट वेगळी आहे, ती पुढे थोडक्यात सांगतो.

निपाणीच्या एका पोराने असाच खांदपट्टा बेळगावला माझ्याकडे आणला होता. "अण्णा, आधी पुढनं बघा," म्हणाला. पुढून नाव ठेवायला जागा नव्हती. मागून बघितल्यावर तो स्वतःच गप्प झाला. त्याचा पट्टा धरूनच सगळं सांगतो, कारण नेहमीचे तिन्ही दोष त्या एका पट्ट्यात होते.

पट्टा ११० सेंटीमीटर लांब आणि ३ सेंटीमीटर रुंद. वरचं कातडं ३ मिलिमीटरचं, बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं, अथणीकडून घेतलेलं. अथणी, निपाणी या भागात चपलांसाठी असंच कातडं वापरतात. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांच्या जोडीला कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजयपूर हे जिल्हेही आहेत. सांगायचं कारण एवढंच की आपल्याकडे सहज मिळणारं कातडं हे चपलेच्या हिशोबाचं आहे: टणक, दाट, आणि एकाच तुकड्यात जाडीला कमीजास्त. त्याच्या खाली दीड मिलिमीटरचं मऊ अस्तर. दोन्ही मिळून साडेचार मिलिमीटर. कडेपासून ४ मिलिमीटर आत शिलाईची रेघ, आणि भोकं पाडायला सहा दात्यांची छिन्नी, दात्यांमधलं अंतर ४ मिलिमीटर. दोन्ही टोकांना तीन-तीन सेंटीमीटर सोडून शिलाई १०४ सेंटीमीटरची, म्हणजे एका कडेला २६० टाके.

आधी मागच्या बाजूला रेघ मारा

नुसत्या नजरेने मागची ओळ वाकडी आहे एवढंच कळतं, कशी वाकडी आहे ते कळत नाही. डिव्हायडर ४ मिलिमीटरवर लावून त्याचं एक टोक पट्ट्याच्या कडेला टेकवायचं आणि अस्तरावरही तशीच हलकी रेघ ओढायची. मोठा डिव्हायडर नसला तर शाळेच्या कंपासपेटीतलासुद्धा चालतो, फक्त त्याचा स्क्रू घट्ट हवा. रेघ मारली की भोकं रेघेला सोडून कुठे गेली ते उघड दिसतं, आणि त्या जाण्याच्या तऱ्हेवरून कारण सांगता येतं.

सगळी भोकं एकाच अंगाला साधारण सारखीच सरकली असतील तर हत्यार तिरपं धरलं जातंय. भोकं घोळक्याने सरकली असतील, म्हणजे पाच इकडे, पुढची पाच तिकडे, तर छिन्नी दर ठोक्याला वेगवेगळी कलते आहे. ओळ हळूहळू रेघेपासून लांब जात असेल आणि पुन्हा जवळ येत असेल, तर दोन थर एकमेकांवर सरकलेत किंवा कड तासताना वाकडी झाली आहे. आणि काहीच तऱ्हा नसेल, एक भोक इथे, एक तिथे, तर भोकं टोचायची आरी बोथट आहे. बोथट टोक कातडं कापत नाही, वाट शोधत जातं, आणि कातड्याचा मऊ भाग मिळेल तिकडे वळतं.

निपाणीच्या पट्ट्यात पहिली तऱ्हा ठळक होती आणि तिच्यावर दुसरी चढलेली होती. त्याने पट्टा फिरवून दोन्ही कडा उजव्या हाताला घेऊनच ठोकल्या होत्या, आणि दोन्ही कडांना मागची भोकं आतल्या अंगालाच सरकली होती, जवळपास एक मिलिमीटर. कातड्याचा दोष असता तर दोन्ही कडांना तो असा सारखा उतरला नसता. हात एकाच बाजूला कलत होता.

कल किती महाग पडतो

घड्याळाचा मिनिटकाटा दोन मिनिटांत जेवढा सरकतो तेवढा, म्हणजे १२ अंश, छिन्नीचा कल डोळ्याला जाणवतसुद्धा नाही. पण साडेचार मिलिमीटर जाडीत त्या कलाने मागचं भोक जवळजवळ एक मिलिमीटर बाजूला निघतं. दोन मिलिमीटरच्या पाकिटात तेवढ्याच कलाने अर्धा मिलिमीटरही फरक पडत नाही, आणि तो दोऱ्याखाली झाकला जातो. म्हणून "पाकीट शिवताना होत नाही, पट्ट्यालाच होतं" असं पुष्कळ जण सांगतात. हात दोन्हीकडे तसाच असतो, जाडीमुळे चूक मोठी होऊन दिसते.

कल येतो कुठून? बहुतेक वेळा बसण्यातून. छिन्नी समोर धरून तिच्याकडे वरून बघितलं की ती पुढे-मागे झुकलेली दिसते, डावी-उजवीकडे झुकलेली कळत नाही, किंवा उलट. एका नजरेत दोन्ही दिशा दिसत नाहीत. म्हणून पट्टा स्वतःच्या छातीच्या रेषेत उभा ठेवावा, शिलाईची ओळ आपल्याकडून लांब जाणारी. अशा बसणीत डावा-उजवा कल थेट दिसतो, आणि मागची ओळ कडेकडे किंवा आत जाते ती याच कलाने. पुढे-मागे होणारा कल टाक्यांची लांबी बिघडवतो, तो तपासायला सुताराचा छोटा गुण्या छिन्नीच्या शेजारी उभा करायचा. दर ठोक्याला गुण्या लावायची गरज नाही. सुरुवातीला लावा, मग हात बसला की मधूनमधून.

खालचा आधार ही दुसरी गोष्ट, आणि तिच्याकडे फार थोडे लक्ष देतात. त्या पोराकडे प्लायवूडचं टेबल होतं आणि तो टेबलाच्या मधोमध ठोकत होता. मधला भाग दर ठोक्याला दबतो आणि उसळतो, छिन्नी त्या उसळीबरोबर हलते. टेबलाच्या पायाच्या बरोबर वर कडप्पाचा तुकडा ठेवा, त्यावर जाड कातड्याचा टाकाऊ तुकडा किंवा कडक रबर, आणि त्यावर पट्टा. खाली दगडाचं वजन, वर दात्यांना घुसायला थोडी जागा. ठोकायला लाकडी हातोडा. लोखंडी हातोडीने छिन्नीचं डोकं पसरतं आणि ठोका एका बाजूला बसला की छिन्नी तिकडेच कलते.

तिसरी गोष्ट खोलीची. छिन्नीचे दाते टोकाकडे निमुळते असतात. साडेचार मिलिमीटर जाडीतून ते पूर्ण पार करायचे म्हणून चार-पाच जोरकस ठोके मारले की पुढचं भोक गरजेपेक्षा मोठं होतं, मागचं लहानच राहतं, आणि दर ठोक्याला थोडा थोडा कल भर घालत जातो. उपसून काढताना मग छिन्नी मागे-पुढे हलवावी लागते, त्यात भोक आणखी फाटतं. जाड पट्ट्यात छिन्नीचं काम फक्त अंतर आणि दिशा देण्याचं असावं. दाते वरच्या कातड्यात दोन-अडीच मिलिमीटर गेले की पुरे. बाकीचं आरीने. छिन्नी काढताना दुसऱ्या हाताच्या बोटांनी दोन्ही बाजूंचं कातडं दाबून धरायचं आणि ती सरळ वर ओढायची. दात्यांना आधी मेण चोळलं असेल तर ती सुखाने निघते.

आरी

इथे एक घोळ होतो. आपल्याकडे चप्पल-बूट दुरुस्त करणाऱ्यांकडे जी आरी दिसते तिच्या टोकाला बहुतेक वेळा खाच असते. ती भोक पाडते आणि त्याच खाचेत दोरा अडकवून परत ओढते. ते काम वेगळं आहे, ती आरी या शिलाईला नको. तिने पडलेलं भोक गोलसर आणि खडबडीत होतं. सॅडल स्टिचला बिनखाचेची, चौकटच्या आकाराचं पातं असलेली आरी लागते. ती चीर पाडते, आणि चीर रेघेला तिरपी पडली की टाकाही तिरपा, एकमेकांत गुंफलेला दिसतो.

आरीला धार असते हेच पुष्कळांना माहीत नसतं. दुकानातून आणलेली आरी बहुतेक वेळा वापरायच्या लायकीची नसते. काचेच्या तुकड्यावर हजार नंबरचा पॉलिश पेपर, मग दोन हजारचा, आणि आरीची चारही सपाट अंगं एकेक करून त्यावर पूर्ण टेकवून घासायची. शेवटी कातड्याच्या तुकड्यावर हिरवी पॉलिश पेस्ट चोळून त्यावर ओढायची. कसोटी सोपी आहे: तीन मिलिमीटरचं टणक कातडं मनगटाचा जोर न लावता, तळहाताच्या साध्या दाबाने पार व्हायला हवं. जोर लागला की हात कलतोच, त्याला कुणी थांबवू शकत नाही. मुठीच्या बाहेर पातंही फार लांब नको, २५ ते ३० मिलिमीटर पुरतं. लांब पातं जाड कातड्यात लवतं.

पट्टा गुडघ्यांमध्ये धरायच्या लाकडी चिमट्यात लावायचा. शिलाईची रेघ चिमट्याच्या ओठांपासून सात-आठ मिलिमीटरच वर राहू द्या. जास्त वर ठेवली तर आरी टोचताना पट्टा मागे वाकतो आणि भोक वरच्या बाजूला निघतं. मागे बूच धरा, म्हणजे टोक बोटात जाणार नाही आणि पट्ट्याला आधारही मिळेल. कोपर अंगाला चिकटवून ठेवायचं आणि आरी ढकलायची, फिरवायची नाही. आरी मुठीत फिरली की चिरेचा तिरपेपणा बदलतो. पुढच्या बाजूला छिन्नीच्या खुणा असल्याने ते लपतं, मागे मात्र एक चीर उभी, एक आडवी असं दिसतं. आरीच्या मुठीला एका बाजूने सपाट तासून घेतलं तर अंगठा दर वेळी तिथेच बसतो. मागे काय होतंय ते बघायला चिमट्याच्या पलीकडे लहान आरसा टेकवून ठेवा. ही युक्ती मी सगळ्यांना सांगतो आणि फार थोडे करतात, पण टोक अस्तरातून बाहेर पडतानाच मागच्या रेघेवर आहे की नाही ते त्यात दिसतं, आणि टोक नुसतं डोकावलेलं असतानाच ते मागे घेऊन सुधारता येतं.

दोन कडा एकत्र का संपत नाहीत

निपाणीच्या पट्ट्याचा तिसरा दोष मागचा नव्हता, टोकाचा होता. एका टोकाला दोन्ही कडांची भोकं समोरासमोर सुरू होत होती. दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत एक कड दुसरीच्या एका टाक्याहून जास्त पुढे गेली होती.

सहा दात्यांची छिन्नी पुढे नेताना पहिला दाता आधीच्या शेवटच्या भोकात बसवतात. म्हणजे दर ठोक्याला पाच नवी भोकं, २० मिलिमीटरची मजल. १०४ सेंटीमीटरला ५२ वेळा छिन्नी ठेवावी लागते. दर वेळी पहिला दाता भोकाच्या मध्यापासून फक्त ०.१ मिलिमीटर पुढे टेकला तरी ५१ जोडांत शेवटी ५.१ मिलिमीटरचा फरक साठतो. आणि भोक फाटून मोठं झालेलं असेल तर ०.१ काय, ०.२ सुद्धा सहज होतं, कारण दात्याला त्यात हलायला जागा मिळते. म्हणजे इथेही मूळ कारण तेच, खोल ठोकणं आणि हलवून उपसणं.

हे टाळायला भोकं पाडायच्या आधी गुण्याने पट्ट्याच्या आडव्या रेघा मारून घ्या, पहिल्या भोकाच्या जागेपासून दर १० सेंटीमीटरला एक, दोन्ही कडांना छेदणारी. ४ मिलिमीटरच्या टाक्याला १० सेंटीमीटरमध्ये २५ टाके येतात, तेव्हा रेघेवर एक भोक यायलाच हवं. नाही आलं तर चूक तिथेच कळते, मीटरभर पुढे गेल्यावर नाही. रेघा पेन्सिलीच्या नकोत, या कातड्यावरून त्या निघता निघत नाहीत. हाडाच्या पट्टीने किंवा चमच्याच्या दांड्याने हलकी दाबरेघ मारा, ती नंतर चोळली की बसते.

समजा टोकाला ५० मिलिमीटर उरलेत. ४ मिलिमीटरने बारा टाके ४८ मिलिमीटरमध्ये बसतात आणि दोन मिलिमीटर उरतात. पुष्कळ जण बारा टाके नेहमीसारखे घालून शेवटी एक अर्धा टाका घालतात, आणि डोळा नेमका त्याच अर्ध्या टाक्यावर जातो. त्याऐवजी छिन्नी बाजूला ठेवा, डिव्हायडर अंदाजे ४.२ वर लावून त्या ५० मिलिमीटरमध्ये बारा पावलं टाकून बघा. थोडं जास्त होत असेल तर स्क्रू केसभर आवळा आणि परत टाका. बरोबर बारा पावलांत टोक आलं की त्याच खुणांवर आरीने भोकं पाडा. किंवा तेरा पावलं करा, मग एकेक टाका ३.८५ मिलिमीटरचा होतो. दीड-दोन दशांशांचा फरक बारा टाक्यांत कुणाला दिसत नाही. टोकाच्या गोलाईवरही सहा दात्यांची छिन्नी चालत नाही, तिथे दोन दात्यांची घ्या किंवा डिव्हायडर आणि आरी.

थर सरकणं आणि पाऊस

पट्ट्याचे दोन थर शिलाईने नव्हे, चिकटवायच्या सोल्यूशनने जागेवर राहतात. शिलाई नंतर येते. दोन्ही बाजूंना पातळ हात द्या, बोटाला चिकटायचं थांबेपर्यंत वाळू द्या, साधारण दहा-पंधरा मिनिटं, मग एका टोकाकडून बसवत जा आणि हातोडीच्या गुळगुळीत तोंडाने दाबा. भोकं दुसऱ्या दिवशी पाडलेली बरी. अस्तर आधी मापाने कापून चिकटवू नका. चारी बाजूंनी थोडं मोठं ठेवा आणि चिकटल्यावर दोन्ही थर रापीने एकदमच कापा. डिव्हायडरची रेघ कडेवरून निघते, कड वाकडी तर रेघ वाकडी. भोकं सरळ रेघेवर पडूनही ओळ वळणारी दिसत असेल तर आधी कड बघा.

कातडं कुठल्या अंगाचं आहे तेही महत्त्वाचं. पाठीचं दाट असतं, पोटाचं सैल आणि ताणणारं. पोटाच्या बाजूचा पट्टा भोकं पाडताना ताणतो, मग छिन्नीची मजल बरोबर असूनही अंतरं हलतात. वर बॅगेचं वजन आल्यावर तो लांबतो ते निराळंच.

आता आपल्या भागाची गोष्ट. अथणीकडे हवा कोरडी, खानापूर-बेळगावकडे पावसाळ्यात भिंतीसुद्धा ओल धरतात. तेलाचं, रंगाचं काम न केलेलं साल-कमावलेलं कातडं हवेतली ओल पटकन पितं. ओलसर कातड्यात दाते लोण्यासारखे जातात म्हणून बरं वाटतं, पण भोक कापलं जाण्याऐवजी ताणलं जातं, आणि वाळल्यावर अंतरं कमीजास्त होतात. जून ते सप्टेंबरात काम करायचं असेल तर कातडं घरातल्या कोरड्या जागी, शक्यतो स्वयंपाकघराच्या जवळच्या कपाटात, दोन-तीन दिवस सपाट ठेवून मग घ्या. उन्हात किंवा चुलीजवळ वाळवू नका, कड आखडते. आणि मऊ व्हावं म्हणून पाणी लावून भोकं पाडायची काहींना सवय असते. ठसा उमटवायला पाणी ठीक, भोकांना नको.

बिघडलेला पट्टा सुधारतो का?

पुढचं भोक एकदा पडलं की ते राहतं. मागचं मात्र काही प्रमाणात सुधारतं. मागची भोकं रेघेपासून पाऊण मिलिमीटरच्या आत सरकली असतील तर अस्तर किंचित ओलं करून चमच्याच्या पाठीने चोळा, चुकीच्या चिरा बऱ्याचशा मिटतात. पूर्ण वाळू द्या, मग पुढच्याच भोकातून आरी घालून टोक मागच्या रेघेवर काढा. जुनी आणि नवी चीर शेजारी येतात आणि ०.८ मिलिमीटरचा दोरा दोन्ही झाकतो.

निपाणीच्या पट्ट्याला हे पुरणार नव्हतं, आत सरकलेल्या चिरा काही ठिकाणी मिलिमीटरच्या पुढे होत्या. तिथे अस्तरच बदललं. केस वाळवायच्या यंत्राने पट्टा कोमट केला की सोल्यूशन सैल होतं आणि अस्तर टोकाकडून सावकाश सोलता येतं. जुनं सोल्यूशन बोटाने चोळून काढलं, नवं अस्तर मोठं कापून चिकटवलं, कड बरोबरीला कापली. पुढच्या कातड्यात भोकं होतीच, त्यांतून धारदार आरी, पलीकडे आरसा, आणि नव्या अस्तरावर आखलेली रेघ. पुढे सरकलेल्या कडेचे टोकाजवळचे टाके मात्र तसेच ठेवावे लागले, कारण ती भोकं वरच्या कातड्यात होती. ते टोक त्याने बक्कलच्या पट्टीखाली घेतलं.

एक खबरदारी. बॅगेच्या पट्ट्यावर वजन येतं, म्हणून शिलाई बारीक केली की मजबूत होते असं समजून अडीच-तीन मिलिमीटरवर भोकं पाडू नका. एवढ्या जाडीला चिरा मोठ्या लागतात, दोन चिरांमध्ये कातडं उरत नाही आणि पट्टा तिकिटासारखा त्या ओळीत फाटतो.

भोकं सरळ, टाके वाकडे

वर ज्याचा उल्लेख केला ते. मागची भोकं रेघेवर असूनही काही टाके तिरपे आणि काही आडवे पडत असतील तर सुयांचा क्रम बदलतोय. पहिली सुई दर वेळी त्याच बाजूने घाला. दुसरी सुई भोकात घालताना आधीच्या दोऱ्याच्या ज्या अंगाला घातली, शेवटपर्यंत त्याच अंगाला. दोऱ्याचा फास सुईवरून घेत असाल तर प्रत्येक टाक्याला घ्या, नसाल तर एकालाही नको. कुठली पद्धत धरली याला महत्त्व नाही, मधे बदलली की तिथे टाका पालथा पडतो. दुसरी सुई घालताना पहिला दोरा किंचित मागे ओढून बघायचा. तो हलत नसेल तर सुईने दोऱ्यातून वाट काढली आहे, तेवढी सुई परत घ्या. सुयांची टोकं म्हणूनच बोथट हवीत, कपडे शिवायची सुई असेल तर तिचं टोक दगडावर घासून घ्या.

दोऱ्याचं मापही इथेच सांगतो. शिलाईच्या चौपट दोरा घ्या असं सगळे सांगतात. साडेचार मिलिमीटर जाडीला ते कमी पडतं. प्रत्येक टाक्याला दोन्ही टोकांचा मिळून साधारण १७ मिलिमीटर दोरा जातो, म्हणजे सव्वाचारपट, आणि सुया धरायला दोन्ही टोकांना मिळून अर्धा मीटर वेगळा. १०४ सेंटीमीटरला पाच मीटर होतात. एवढा दोरा एका दमात ओढताना हात पुरत नाहीत, तो झिजतो आणि मेण निघून जातं. मधे तोडून दोन तुकड्यांत शिवा, जोडावर तीन टाके मागे घ्या.

बक्कलपाशी

सगळं नीट करूनही एका जागी ओळ परत हलते: जिथे पट्टा बक्कलमधून दुमडून मागे येतो. तिथे जाडी साडेचारवरून एकदम आठ-नऊ मिलिमीटरवर जाते. छिन्नी त्या पायरीवर अर्धी वर, अर्धी खाली टेकते आणि कलतेच. दुमडणारा भाग चिकटवायच्या आधी रापीने मागून तासून घ्या, शेवटच्या तीन-चार सेंटीमीटरमध्ये जाडी निम्म्यावर आणा आणि कड हळूहळू उतरती करा. तरीही सहा-सात मिलिमीटर उरतातच. त्या भागात छिन्नी लावायचीच नाही. पुढच्या बाजूला डिव्हायडरने पावलं टाका, मागच्या बाजूला रेघ मारा, आणि एकेक भोक आरीने निम्म्यापर्यंत पुढून आणि निम्मं मागून पाडा. मागून टोचताना चिरेचा तिरपेपणा उलटा धरावा लागतो, नाहीतर मधे दोन चिरा एकमेकींना छेदतात आणि सुई अडते.